होते, म्हणे आणि असावे
(एका पणजोबांच्या निमित्ताने)

मराठी भाषेत गेलेल्या गोष्टीविषयी बोलण्याचे तीन प्रकार आहेत. एखादी गोष्ट आपणांस ठाऊक असेल तर आपण ‘होते’ म्हणतो. दुसऱ्याकडून ऐकली असेल तर वाक्याच्या शेपटीला ‘म्हणे’ जोडतो. आणि ठाऊकही नाही, ऐकलेलीही नाही, पण मागच्यापुढच्यावरून तर्क चालतो आहे, अशा वेळी ‘असावे’ म्हणतो. हे तीन शब्द घरोघर रोज वापरले जातात आणि त्यांतला फरक लहान मुलालाही कळतो. मात्र कुळाचा इतिहास लिहावयास बसले की नेमका हाच फरक लेखणीतून गळून पडतो. बखरींत ‘म्हणे’चे ‘होते’ झाले, तसेच ते घरातल्या वह्यांतही होते. आमच्या घरातही झाले होते. त्याची ही हकिगत आहे.

आमचे पणजोबा सातारा जिल्ह्यातले शेतकरी. पहिल्या महायुद्धात ते पलटणीत होते आणि मिठाचा सत्याग्रह झाला त्या १९३० साली ते वारले, एवढे घरात सर्वांस मान्य आहे. त्यांचे छायाचित्र नाही, पत्र नाही, त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. धाकट्या चुलत्यांनी पुढे एका वहीत कुळाची हकिगत लिहिली, तीत पणजोबांविषयी एवढेच आहे: ‘हे थोर योद्धे होते. यांनी तुर्कांशी लढून मोठा पराक्रम गाजविला. नंतर रेल्वेत नोकरी केली.’ या तिन्ही वाक्यांच्या शेवटी ‘म्हणे’ हवे होते. ते नसल्यामुळे वही वाचणाऱ्याला विचारण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून आम्ही वही बाजूला ठेवली आणि घरात विखुरलेल्या गोष्टी एकेक करून गोळा केल्या. प्रत्येक गोष्टीपुढे दोन प्रश्न लिहिले. ही कोणी कोणाला सांगितली? आणि ही खरी नसती तर दुसऱ्या कोणत्या कारणाने तयार झाली असती? यातला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी पडला.

पहिली गोष्ट आत्याबाईंची. त्यांना ती पणजीने सांगितली. ‘तिकडं तुर्कांनी ह्यांना लई कुटला-मारला,’ असे पणजी म्हणत असे. आत्याबाईंनी याचा सरळ अर्थ घेतला की तुर्कांनी पणजोबांस मारहाण केली. आम्हीही कित्येक वर्षे तोच अर्थ घेत होतो. पण हे वाक्य एकदा कागदावर लिहिले आणि नजर अडखळली. पणजी नवऱ्याविषयी बोलताना नेहमी आदरार्थी बोले. मग ‘ह्यांना कुटलं-मारलं’ असे न म्हणता ‘कुटला-मारला’ असे ती का म्हणेल? तैग्रिस नदीच्या काठी कुट-अल-अमारा नावाचे गाव आहे. पलटणीतली माणसे त्याचा उच्चार ‘कुटलामारा’ असा करीत असतील, तर पणजीच्या तोंडी असलेला शब्द मुळात गावाचे नाव असावा आणि ते नाव हरवल्यावर घराने त्यात क्रियापद ऐकले असावे.

हा तर्क आम्हांस इतका आवडला की त्याच कारणाने आम्ही त्याच्याविषयी सावध झालो. जो तर्क सुचताच टाळी वाजवावीशी वाटते, तो पुराव्यापेक्षा आपल्या हुषारीवर उभा असण्याचा संभव अधिक. आत्याबाईंनी वाक्य थोडे बदलून सांगितले असले तरी सारी इमारत कोसळते. म्हणून त्यापुढे आम्ही ‘असावे’ लिहिले आणि दुसरा आधार मिळेपर्यंत त्यावर काही रचावयाचे नाही असे ठरविले.

कुट येथे काय घडले ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण पुढच्या गोष्टी त्यावरच ताडून पाहावयाच्या आहेत. १९१४ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानातून गेलेली सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन इराणी आखाताच्या टोकाशी उतरली आणि तिने बसरा घेतले. पुढच्या वर्षी ती नदीने वर चढत बगदादच्या रोखाने गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तुर्कांनी तिला अडविले, आणि जनरल टाउनशेंड ती फौज घेऊन मागे कुटला आला. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पूर्ण झाला. बाहेरून सोडवणुकीचे प्रयत्न झाले, त्यांत तेवीस हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्या सुमारे तेरा हजार लोकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते, आणि १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

दुसरी गोष्ट दातांची. पणजोबा परत आले तेव्हा त्यांचे पुढचे दात नव्हते, आणि त्याचे कारण ‘त्यांनी पाच महिने घोड्याचे मांस खाल्ले नाही, उपाशी राहिले’ असे सांगत. ही गोष्ट कुटशी चांगली जुळते. जानेवारी १९१६ च्या अखेरीपासून तेथे घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. हिंदी सैनिकांतल्या बहुतेकांनी ते नाकारले. घरच्यांना कळेल, सोयरिकी तुटतील, ही त्यांची भीती होती. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून अनुज्ञा मागवावी लागली, आणि एप्रिलमध्ये उपासमार अगदी गळ्याशी आली तेव्हा कोठे हजारोंनी ते खाल्ले. भाजीपाला नाही, मांस नाही, अशा स्थितीत हिरड्या सुजून दात हालणे व पडणे हा स्कर्व्ही रोग हिंदी पथकांत फार झाला.

येथे कोणी म्हणेल, मग आणखी काय हवे? पण दुसरा प्रश्न विचारला की ही गोष्ट ढिली पडते. त्याच १९१६ साली कुटच्या बाहेर, सोडवणुकीच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांतही स्कर्व्हीने हजारो माणसे आजारी पडली, कारण ताजी भाजी तेथेही पोचत नव्हती. म्हणजे दात पडले यावरून पणजोबा मेसोपोटेमियात होते असे फार तर म्हणता येईल. ते वेढ्याच्या आत होते की बाहेर, हे दात सांगत नाहीत. ‘पाच महिने’ हा आकडाही तपासून पाहावा. वेढा जवळजवळ पाच महिने चालला खरा, पण घोड्याचे मांस वाटले गेले ते शेवटचे तीन महिने. वेढ्याची मुदत मांसाच्या गोष्टीला चिकटली असावी. अशा गोष्टीत आकडे टिकतात, पण ते कशाचे आकडे हे विसरले जाते.

तिसरा आधार म्हणजे वस्तू. देवघरात तांब्यासारख्या धातूची एक चांदणी आहे. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा होते. महायुद्धात मिळालेला चांदीचा बिल्लाही घरात होता. तो एका लग्नात मोडून पैंजण केले, हे आत्याबाईंनी स्वतः पाहिलेले आहे. ते पैंजण त्यांच्याच पायात होते. चांदणी मोडून काही मिळण्यासारखे नव्हते म्हणून ती उरली. ती १९१४–१५ चा तारा म्हणून ओळखले जाणारे पदक आहे. १९१५ संपण्यापूर्वी जो रणक्षेत्रावर पोचला त्यालाच ते मिळे. त्याच्या मागच्या बाजूस क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

आमच्या चांदणीची मागची बाजू शंभराच्या आसपास दसऱ्यांच्या चिंचेने आणि राखेने गुळगुळीत झाली आहे. घराने भक्तीने जे जपले, ते भक्तीनेच पुसून टाकले. आम्ही ती दिव्याखाली तिरपी धरली, वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरविली. क्रमांक आला नाही. नावाची पहिली दोन अक्षरे आली, ती पणजोबांच्या नावाशी जुळतात. शेवटच्या ओळीत पलटणीचा आकडा बुजलेला आहे, पण ‘मराठाज’ या इंग्रजी शब्दाचा शेवट दिसतो, आणि त्या शब्दाला अनेकवचनाचे शेवटचे अक्षर आहे.

हे एक अक्षर आम्हांस फार कामी आले. त्या काळी मराठा पलटणींची नावे दोन धर्तीची होती. १०३, १०५ आणि ११० या ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’, एकवचनी. ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या ‘मराठाज’, अनेकवचनी. तेव्हा पणजोबा या शेवटच्या तिघींपैकी एकीत होते. हे ‘असावे’ नव्हे, ‘होते’. मात्र चांदणी त्यांचीच आहे हे गृहीत धरून. तिघींपैकी कुटच्या वेढ्यात एकच होती, ती ११७ वी, आणि ती १९१४ च्या नोव्हेंबरापासूनच तिकडे होती. ताऱ्याची १९१५ ची अट तिला अगदी सहज बसते. म्हणून पणजोबा ११७ व्या पलटणीत असावेत. हा तर्क पहिल्यापेक्षा पुष्कळ बळकट आहे, तरी तर्कच.

शिवाय पलटण वेढ्यात होती म्हणून तिचा प्रत्येक माणूस वेढ्यात होता असे होत नाही. टेसिफोनच्या जखमींना बोटींनी खाली नेले होते. हिंदुस्थानातून मागाहून गेलेली भरती कुटपर्यंत पोचूच शकली नाही. अशा बाहेर राहिलेल्या माणसांच्या मिश्र तुकड्या करून त्यांना सोडवणुकीच्या लढायांत घातले होते. आपल्या पूर्वजाची पलटण सापडली की तिचा सारा इतिहास त्याच्या नावावर मांडण्याचा मोह होतो. कुळाच्या हकिगती लिहिताना होणाऱ्या चुकांत ही चूक सर्वांत सामान्य असेल.

येथवर आल्यावर आम्ही अडलो. आत की बाहेर, हे सांगणारे काही हाती नव्हते. ते मिळाले ते अशा गोष्टीत, जी घरातल्या कोणीही कधी खरी मानली नव्हती.

आमचे आजोबा मुलांना थापा सांगत. त्यांतली एक ठरलेली थाप अशी: ‘माझ्या बापानं डोळ्यांनी पाह्यलंय, आभाळातनं जातं पडलं. पीठबी पडलं, पर निम्मं नदीत ग्येलं.’ आम्ही हसत असू. पुढे शाळेत जाऊ लागल्यावर ‘आजोबा, जाते वर कसे गेले?’ असे विचारून आम्ही त्यांना पेचात धरीत असू. ते म्हणत, ‘मला काय ठावं? त्यो म्हनायचा.’ चुलत्यांनी ही गोष्ट वहीत घेतली नाही, ते योग्यच होते. थोर योद्ध्याच्या हकिगतीत आभाळातल्या जात्याला जागा कोठली?

आणि हे जाते खरोखरच आभाळातून पडले होते. कुटमध्ये धान्य होते, पण ते दळण्याची सोय अपुरी होती. म्हणून बाहेरच्या विमानांनी वेढ्यातल्या गावात ज्या वस्तू टाकल्या, त्यांत औषधे, पैसे, मासे धरण्याची जाळी यांबरोबर सुमारे सत्तर पौंड वजनाचा जात्याचा दगडही होता. पुढे एप्रिलच्या उत्तरार्धात, शरणागतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत, विमानांनी पिठाची व इतर अन्नाची पोती टाकली. ती सारी मिळून सातआठ टन भरतील. वेढलेल्या फौजेला विमानातून अन्न पुरविण्याचा जगातला हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. तेरा हजार तोंडांना ते काहीच नव्हते, आणि त्यातली काही पोती नेम चुकून नदीत गेली. कुट हे नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले गाव आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘निम्मं नदीत ग्येलं’ याचा अर्थ कळतो. ‘निम्मं’ हे अर्थात आजोबांचे माप.

ही गोष्ट इतरांहून वजनदार का, हे सांगितले पाहिजे. दात पडणे, उपास, तुर्कांचा मार या गोष्टी कोणत्याही शिपायाच्या घरात आपोआप तयार होऊ शकतात. आभाळातले जाते कोणाला उगीच सुचत नाही. आजोबांना इंग्रजी येत नव्हते, वेढ्यावरचे पुस्तक त्यांच्या हाती पडण्याचा संभव नव्हता. आणि ती खरी आहे असे त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते. सांगणाऱ्याला जिचा अर्थ कळत नाही, जिने कोणाचा मोठेपणा वाढत नाही, आणि तरीही जी बाहेरच्या नोंदीशी जुळते, अशी गोष्ट सहसा रचलेली नसते. घराने ती सुधारली नाही, कारण तिच्यात सुधारण्यासारखे काही आहे असे घराला वाटलेच नाही.

तरी एक फट राहते. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या पुष्कळ गावांत आहे तशी आमच्याही गावात एक शिळा आहे. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांतले इतके कामी आले, एवढेच तीवर कोरलेले असते, नावे नसतात. तेव्हा पणजोबा काही एकटेच गेले नव्हते. परत आलेली माणसे संध्याकाळी चावडीवर बसली की एकाची गोष्ट दुसऱ्याची होण्यास वेळ लागत नाही. जाते दुसऱ्या कोणी पाहिले असेल आणि आजोबांनी ते बापाच्या नावावर जमा केले असेल, हे अशक्य नाही. पण आता चांदणी आणि जाते या दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एक धातूवर ठोकलेली, दुसरी मुलांच्या थापेत उरलेली. एकीने दुसरीला जन्म दिला असणे शक्य नाही. म्हणून आम्ही लिहितो की पणजोबा वेढ्याच्या आत असावेत. आता ‘कुटला-मारला’ही थोडेसे सरळ उभे राहते.

रेल्वेच्या नोकरीविषयी मात्र आम्ही उलट निर्णय केला. कुटचे कैदी बगदादवरून, मोसुलवरून, बरेचसे पायी, पुढे नेले गेले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूस बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले, आणि त्यांतले फार लोक परतले नाहीत. ‘रेल्वेत होते’ हे त्याचेच रूपांतर, असे म्हणण्याचा मोह आम्हांस झाला. परंतु पुणे-मिरज लोहमार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि त्या मार्गावर काम केलेली माणसे गावोगाव होती. जवळचे कारण पुरेसे असताना दूरचे शोधू नये. ते वाक्य आम्ही ‘म्हणे’ लावून तसेच ठेवले.

उरली शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत अवघड आहे. आमच्या आजोबांना गावातले त्यांचे सोबती ‘आईबापाच्या लग्नाचा वऱ्हाडी’ असे चिडवीत. ते चिडत, हसत नसत. आत्याबाईंस पणजीने एकदाच सांगितले होते, ‘माझं लगीन दोनदा झालं, दोन्ही वक्ताला ह्याच नवऱ्याशी.’ आम्ही आधी समजलो की बालवयातले लग्न आणि मोठेपणीचा विधी अशी ही दोन. पण मग आजोबा वऱ्हाडी कसे? त्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी ते जन्मलेले होते, आणि गावाच्या लक्षात राहण्याइतके मोठे होते.

आजोबा आपल्या आठवणीचा काळ एका खुणेने सांगत: ‘मानमोडीत भैन ग्येली, आन् म्होरल्या शिमग्याला बापू आला.’ मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्याची मोठी लाट त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस आली. तेव्हा पुढचा शिमगा १९१९ च्या मार्चचा. तुर्कस्तानशी युद्धतहकुबी ३० ऑक्टोबर १९१८ रोजी झाली आणि त्यानंतर कैदी सुटू लागले, हे त्याच्याशी जुळते. आजोबा त्या वेळी सातआठ वर्षांचे होते.

आता आपल्या धर्मशास्त्रात एक विधी आहे. परदेशी गेलेला मनुष्य मेला असे समजून त्याची उत्तरक्रिया केली आणि तो जिवंत परत आला, तर त्याचा पुन्हा जन्म झाला असे मानून जातकर्मापासूनचे संस्कार करावयाचे, आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावयाचा. पणजीच्या वाक्याला दुसरे कोणतेही स्पष्टीकरण इतके नेमके बसत नाही. कुटच्या कैद्यांपैकी अनेकांच्या घरी दीर्घकाळ काहीच बातमी नव्हती. पणजोबा मेले असे घरात समजले असावे, त्यांचे दिवस केले असावेत, आणि परत आल्यावर शास्त्राप्रमाणे किंवा गावच्या भटजींना जमेल तसे लग्न पुन्हा लावले असावे.

वाक्य लिहून झाले आणि त्यातून काय निघते ते आमच्या ध्यानी आले. दिवस केले असतील तर पणजीच्या बांगड्याही फोडल्या असतील. काही महिने, कदाचित दोन वर्षे, ती त्या घरात विधवा म्हणून वावरली असेल. त्यातच मुलगी गेली. ‘थोर योद्धे होते’ या वाक्याच्या मागे ही बाई उभी होती, आणि वहीत तिचे नावही नाही.

पणजोबांचे धाकटे भाऊ १९१९ मध्येच गाव सोडून मुंबईस गेले आणि परत आले नाहीत, असेही घरात सांगतात. ही गोष्ट ऐकून एका नातलगांनी आम्हांस एक तर्क सुचविला. आपल्याकडे पुष्कळ कुळांत मोहतूर लागत असे, दिरानेही भावजयीशी मोहतूर लावल्याची उदाहरणे होती, तर या दोन गोष्टींचा संबंध असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. आत्याबाई म्हणाल्या, ‘हे लिहू नकोस.’

आम्ही ते लिहिले नाही. लिहिले आहे ते एवढेच की असा प्रश्न विचारला गेला. कारण लज्जेचे नाही. त्यात लज्जास्पद काही असते असेही आम्ही मानीत नाही. कारण हिशेबाचे आहे. पणजोबा कैदेत होते हा तर्क. त्यांना मृत समजले हा त्यावरचा तर्क. क्रियाकर्म झाले हा त्याच्यावरचा. आणि मोहतूर हा चौथा मजला. पहिल्या तिघांना निदान एकेक ऐकीव गोष्ट टेकू देते. चौथ्याला काहीच टेकू नाही. तरुण माणसे मुंबईस जात, त्यांतली कित्येक परत येत नसत, त्यासाठी मोहतुराची गरज नव्हती. ज्या तर्काखाली केवळ दुसरा तर्कच आहे, तो कितीही संभाव्य वाटला तरी हकिगतीत घालावयाचा नाही, असा नियम आम्ही केला. मेलेली माणसे आपल्या तर्काला उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून ‘असावे’ हा शब्द त्यांच्या बाबतीत काटकसरीने वापरावा लागतो.

चुलत्यांच्या वहीतले पान आम्ही फाडले नाही. त्याच्या समोरचे पान कोरे होते, तेथे पुढील मजकूर लिहिला:

‘पणजोबा मराठा पलटणीत होते. १९१५ संपण्यापूर्वी ते रणक्षेत्रावर होते. पलटण ११७ वी असावी. ते कुटच्या वेढ्यात असावेत, आणि पुढे तुर्कांच्या कैदेत असावेत. तिकडे त्यांनी घोड्याचे मांस खाल्ले नाही म्हणे. आकाशातून जाते पडलेले त्यांनी पाहिले म्हणे. जाते पडले हे खरे आहे. १९१९ च्या शिमग्याला ते घरी आले. त्यांचे पुढचे दात पडलेले होते. नंतर रेल्वेत होते म्हणे. पणजीशी त्यांचे लग्न दोनदा लागले, असे पणजीने स्वतः सांगितले. मधल्या काळात घराने त्यांना मेलेले समजले असावे. १९३० साली ते वारले. पराक्रमाविषयी काही ठाऊक नाही.’

हे पान आम्ही आत्याबाईंस वाचून दाखविले. नव्वदीच्या घरात आलेल्या त्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पराक्रमाचे वाक्य आले तेव्हा त्यांना वाईट वाटेल असे आम्हांस वाटले होते. त्या म्हणाल्या, ‘पणजीच्या वाक्यापुढं म्हणे लिहिलं नाहीस ते बरं केलंस. ती खोटं बोलत नव्हती.’ मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘दसऱ्याला चांदणी आता चिंचेनं घासू नका. नुसती फुलं वाहा.’

तेव्हापासून आम्ही तसेच करतो.